जाहिरातीतली मी

मी दादाच्या फोटो स्टुडिओत काम करते. नंदुरबारच्या बाजारपेठेत दुकान आहे. पुढे काउंटर, मधे निळा पडदा आणि लाइटच्या दोन छत्र्या, आणि मागे एक अरुंद खोली. त्या खोलीत कॉम्प्युटर आहे आणि कॉम्प्युटरसमोर मी. पासपोर्ट फोटोंच्या कडा कापणं, लग्नाचे अल्बम लावणं, नवरीच्या कपाळावरची मुरुमं घालवणं, हे माझं काम. काउंटरवर मी बसत नाही. तसं कोणी मला सांगितलेलं नाही. नववीत असताना ओठाच्या कडेला पहिला पांढरा डाग आला, मग बोटांची टोकं गेली, मग डावी पापणी. दुकान सुरू झालं तेव्हा मी आपोआप मागच्या खोलीत जाऊन बसले आणि तिथेच राहिले.

घरी दादा, माय आणि मी. मायला शाळा ठाऊक नाही, पण मोबाइलवर व्हिडिओ लावायला ती शिकली होती. दुपारी भांडी आटोपली की ओट्यावर बसून ती कोडावरचे उपाय बघत असे. एक बघितला की तो मोबाइल तिला आणखी दहा दाखवी. एके दिवशी ती डबा घेऊन थेट मागच्या खोलीत आली, डबा बाजूला ठेवला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"देख व, कशी साफ व्हई गई ती बाई!"

कोडावरच्या तेलाची जाहिरात होती. एकाच बाईच्या मानेचे दोन फोटो शेजारी शेजारी. डावीकडे 'पूर्वी', उजवीकडे 'नंतर'. डाव्या फोटोत मानेवर तळहाताएवढे डाग, उजव्या फोटोत मान एकसारखी गव्हाळ. खाली लिहिलं होतं, तीन महिन्यांत फरक.

मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि मोठा केला. मायला स्टुलावर बसवलं. खरं तर तिला समजावून सांगायची मला हौसच आली होती, कारण जे मला रोज करावं लागतं तेच समोर होतं.

"हे बघ माय. डाव्या फोटोत लाइट समोरून मारलाय, सरळ फ्लॅश. निळसर. अशा उजेडात आपली कातडी काळपट दिसते आणि पांढरं आणखी पांढरं होतं. उजव्या फोटोत उजेड बाजूनं आहे, पिवळा, आणि फोटो मुद्दाम जास्त उजळ ठेवलाय. जास्त उजळ केला की कातडी आणि डाग यांतला फरक निम्मा तिथेच मरतो."

"पन डाग तं गयात ना?"

"उरलेले ब्रशनं भरलेत. बघ, बाकी मानेवर बारीक रेघा आहेत, छिद्रं आहेत. आणि जिथे डाग होता तिथे साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. आणि ही तिची पोत बघ."

काळ्या मण्यांची पोत मानेवरून खाली उतरत होती. डाव्या फोटोत मणी सलग होते. उजव्या फोटोत, जिथे डागाची कड पोतीला टेकत होती, तिथले दोन मणी गायब. दोरा तेवढा पुसट दिसत होता. ज्यानं भरलं त्याचा ब्रश मण्यांवरून गेला होता आणि त्यानं मागे वळून बघितलं नव्हतं.

"आणि हे केस." कानामागून घामानं चिकटलेली एक बट खाली आली होती, टोकाशी इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वळलेली. दोन्ही फोटोंत तीच बट, तेच वळण. "तीन महिने हिनं डोकं धुतलं नाही का?"

मी हसले. माय हसली नाही. ती पुढे वाकली आणि गायब मण्यांच्या जागेवर तिनं बोट ठेवलं. तिला पटलं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिनं मोबाइल पदरात गुंडाळला.

"बरं. हाई खोटं शे," ती म्हणाली. "मंग खरं काय शे ते दे माले."

माझ्याकडे काय होतं? शाळेत असताना एका डॉक्टरांचं मलम वर्षभर लावलं होतं. पापणीवर थोडा रंग आला होता, पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. त्यानंतर आम्ही कोणाकडे गेलोच नव्हतो. मी डबा उघडला आणि जेवायला बसले.

महिन्याभरानं त्याच तेलवाल्यांचं शिबिर नंदुरबारात भरलं. एक हॉल भाड्यानं घेतला होता. मायला जाहिरात खोटी आहे हे माहीत होतं, तरी ती म्हणाली, "एक डाव चाल मन्हासंगे. मंग तुन्ही मर्जी." ती भांडली असती तर मी गेले नसते. ती भांडली नाही.

हॉलमध्ये बायकाच बायका होत्या. अंगभर पदर घेतलेल्या, हात खाली दडवलेल्या. काहींच्या मांडीवर पोरं. पांढरा कोट घातलेला एक माणूस मधल्या टेबलाशी बसला होता. गोड बोलणारा. मायला त्यानं 'माताजी' म्हटलं. माझा ओठ बघितला, बोटं बघितली, आणि एका मुलीला फोटो काढायला सांगितलं. तिनं मला ट्यूबलाइटखाली भिंतीला टेकवून उभं केलं आणि मोबाइलचा फ्लॅश मारला. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मग ती म्हणाली, "ताई, अजून एक, इकडे या जरा." आणि मला खिडकीशी नेलं. बाहेर ऊन होतं, खिडकीला केशरी पडदा होता. "चेहरा थोडा तिकडे करा. हां. थोडं हसा."

मला कळलं. असं म्हणणं सोपं आहे, पण खरंच त्याच क्षणी कळलं. पहिला कुठला आणि दुसरा कुठला, हे तिला विचारायची गरज नव्हती. पण माय त्या माणसापुढे हात जोडून उभी होती आणि तेलाची बाटली छातीशी धरून माझ्याकडे बघत होती. मी थोडं हसले.

तेल लावायचं आणि उन्हात बसायचं. आमच्याकडे उन्हाला काय तोटा. माय रोज सकाळी मला गच्चीवर घेऊन जाई, स्वतः कापसाच्या बोळ्यानं ओठाच्या कडेला तेल लावी आणि शेजारी बसून राही. पहिल्या आठवड्यात कातडी लाल झाली. माय म्हणाली, रंग येतोय. मग जळजळ सुरू झाली, मग एका सकाळी ओठाखाली द्राक्षाएवढा फोड उठला. दादानं बाटलीवरच्या नंबरावर फोन लावला. तिकडून सांगितलं, औषध काम करतंय, आतलं वाईट बाहेर येतंय, बंद करू नका.

दादा चिडला. त्याच दिवशी त्यानं मला सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी बाटलीचा वास घेतला. "बावचीचं तेल दिसतंय. यानं उन्हात कातडी भाजते. किती भाजेल याचा काही नेम नाही." मग त्या फोड बघत हळू आवाजात म्हणाल्या, "आणि कोड असलेल्याला जिथे इजा होते, तिथे नवा डाग उठू शकतो. बघूया."

मी विचारलं, "जुने डाग जातील का?"

"पापणीचा प्रयत्न करता येईल. ओठ आणि बोटांची टोकं..." त्यांनी बाटलीला झाकण लावलं. "तिथे सगळ्यात कमी गुण येतो. खोटं कशाला सांगू."

फोड बरा झाला आणि त्या जागी पांढरं उरलं. आधी डाग ओठाच्या कडेला होता, आता तो हनुवटीपर्यंत उतरला. मायनं बाटली कुठे टाकली मला माहीत नाही. 

त्यानंतर पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. शहाद्याहून मामींचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "अगं, सांगितलं नाहीस! आम्हाला जाहिरातीतून कळावं का?" मला काही उमगेना. मग मामेबहिणीनं तो फोटोच पाठवला.

डोळ्यांवर काळी पट्टी होती, पण मला कोणीही ओळखलं असतं. माझ्या नाकातली चमकी, माझ्या ड्रेसच्या गळ्यावरचं हिरवं भरतकाम. डावीकडे ट्यूबलाइटखालची मी. उजवीकडे खिडकीशी, थोडं हसणारी मी, आणि ओठ स्वच्छ. खाली: नंदुरबारच्या ताईंचा अनुभव.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला. पहिल्या जाहिरातीतल्या बाईची मान तपासताना माझा हात हलका होता. या वेळी मी आधी उठून खोलीचं दार लावलं. उजव्या फोटोत त्यांनी ओठाचा रंग वरून फिरवला होता, तो कडेला जरा बाहेर गेला होता. हाताची बोटं चौकटीबाहेर कापून टाकली होती. आणि ओठाजवळचा डाग झाकायला माझ्याच गालाची कातडी उचलून तिथे बसवली होती. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या, त्याचा एक खड्डा माझ्या उजव्या गालावर आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. उजव्या फोटोत तो खड्डा दोनदा होता. एक गालावर, एक ओठाशेजारी. आम्हीही कातडी अशीच उचलतो, पण खुणा नसलेल्या जागेची. ज्यानं हे केलं होतं त्याला घाई होती.

दोन्ही फोटोंत ड्रेस तोच, हे तर कोणीही बघितलं असतं. कोणी बघितलं नाही.

दादानं जाहिरातीविरुद्ध मोबाइलवरूनच तक्रार केली. दोन-चार दिवसांनी उत्तर आलं की जाहिरात नियमांत बसते. कंपनीच्या नंबरावर एका मुलीनं फार अदबीनं बोलणं ऐकून घेतलं आणि मग तो नंबर आम्हाला लागेनासा झाला. पोलिसात जायचं दादाच्या मनात होतं. मी नको म्हणाले. तिथे बाकावर बसून पाच-दहा लोकांपुढे ओठ दाखवायचा, एवढं बळ माझ्यात नव्हतं.

जाहिरातीतली ताई आमच्या स्टुडिओत असते हे तोंडोतोंडी झालं आणि मग बायका दुकानात यायला लागल्या. पहिली आली ती कोरीट गावची. कडेवर चार-पाच वर्षांची मुलगी. दादानं तिला मागच्या खोलीत पाठवलं. दारातच ती थबकली. माझ्या हनुवटीकडे बघत राहिली.

"ताई, ती जाहिरातमधली तुम्हीच शेतस ना?"

"हो."

"मंग परत कसं उनं?"

मी म्हटलं, परत आलं नाही, गेलंच नव्हतं. तिला बसवलं, दोन्ही फोटो मोठे करून दाखवले. गालावरचा खड्डा दाखवला, मग ओठाजवळचा. माझा खरा गाल दाखवला. ती मन लावून बघत होती. मुलगी माझ्या माउसला हात लावू पाहत होती. तिच्या घोट्यावर रुपयाएवढा डाग होता आणि एका भुवईचे थोडे केस पांढरे झाले होते. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "समजलं ना?"

बाईनं मान हलवली. मग माझ्या जवळ सरकून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, अगदी मायेनं म्हणाली, "ताई, तुम्ही दही खादं व्हई. पथ्य मोडं की परत येस. आम्ही पोरले खाऊ देवाव नही."

मी तिच्यापुढे बसले होते, माझा ओठ तिच्यापुढे होता, आणि तिला तो फोटोतल्या ओठाच्या नंतरचा वाटत होता. मी पुन्हा सांगितलं. तेलानं फोड आला ते सांगितलं. "मुलीला लावू नका, भाजेल." तिनं हो म्हटलं. जाताना तिनं दादाला विचारलं की पुढचं शिबिर कधी आहे.

तिच्यानंतरही काही जणी आल्या. एकीला वाटलं, मी औषध एकटीसाठी दडवतेय. एक नुसती माझ्याकडे बघून रडली.

दादा म्हणाला, "आपण दुकानाच्या ऑनलाइन पानावर खरा फोटो टाकू." मला पटलं. निदान ज्यांना बघायचंय त्यांनी तरी बघावं. त्यानं मला निळ्या पडद्यापुढे बसवलं. छत्र्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर लावल्या, म्हणजे कुठे सावली पडणार नाही आणि कुठे चकाकणार नाही. पांढऱ्या कागदावरून रंग जुळवून घेतला. मी तोच हिरव्या भरतकामाचा ड्रेस घातला होता. डोळ्यांवर पट्टी नको असं मीच म्हणाले. इतक्या वर्षांत दादानं माझा काढलेला तो पहिला फोटो. ब्रश लावला नाही. हनुवटीपर्यंतचं सगळं पांढरं जसंच्या तसं दिसत होतं, भाजलेल्या जागेची सुरकुतलेली कडसुद्धा. खाली दादानं लिहिलं: ही माझी बहीण. जाहिरातीतला फोटो खोटा आहे. तेल लावल्यावर डाग वाढला.

लोकांनी वाचलं. काहींनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. पुष्कळांनी उपाय लिहिले. कोणी पथ्याचं लिहिलं, कोणी एका बाबाचा पत्ता. दिवाळीच्या आधी दादानं मला बाहेर काउंटरवर बोलावलं. त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला.

त्याच तेलाची नवी जाहिरात होती. उजवीकडे खिडकीशी हसणारी मी, तीच, दोन खड्ड्यांची. डावीकडे, 'पूर्वी' या शब्दाखाली, दादानं काढलेला फोटो. त्यांनी तो आमच्याच पानावरून उचलला होता. निळा पडदा काढून मागे राखाडी रंग भरला होता, उजेड उतरवून चेहरा काळपट केला होता, आणि डोळ्यांवर पट्टी टाकली होती. आधीचा ट्यूबलाइटखालचा फोटो त्यांनी टाकून दिला होता. हा जास्त भयंकर दिसत होता ना. त्यांच्याच तेलानं भाजलेली ती सुरकुतलेली कड आता त्यांच्या तेलानं बरी केलेली म्हणून दाखवली जात होती.

दादा म्हणाला, "मी काढायलाच नको होता."

मी म्हटलं, "फोटो चांगला होता, दादा." आणि ते खरं होतं. उजेड इतका सारखा मी त्याच्या दुसऱ्या कुठल्या फोटोत बघितलेला नाही. आम्ही आमच्या पानावरून तो काढून टाकला. त्याचा काही उपयोग नव्हता.

कोरीटची बाई पुन्हा आली तेव्हा शेतात कापूस निघत होता. मुलीच्या घोट्याला चिंधी बांधलेली होती. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ती भांडायला आली नव्हती. तिनं मोबाइल काढला आणि वेगळ्याच एका औषधाची जाहिरात उघडली. त्यात एका लहान मुलाचे पाय होते, पूर्वीचे आणि नंतरचे.

"ताई, तुम्हले समजस. हाई खरं शे का?"

मी मोठं करून बघितलं. दुसऱ्या फोटोतले पाय दुसऱ्याच पोराचे होते. अंगठ्याशेजारचं बोट पहिल्या फोटोत अंगठ्याहून लांब होतं, दुसऱ्यात आखूड. मी तिला बोट दाखवलं. तिनं लगेच ओळखलं. या वेळी तिनं दह्याचं नाव काढलं नाही. आणखी एक जाहिरात उघडली. तीही तसलीच. मग आणखी एक.

"मंग यामा खरी कोनती शे?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, जाहिरातीतली एकही नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचं सांगितलं. लहान मुलांना कधी कधी गुण येतो, मलम असतं, दवाखान्यातल्या दिव्याखाली किरणं देतात. पण किरणांसाठी आठवड्यातून दोन-तीनदा यावं लागतं, महिनोन्महिने, आणि तरी खात्री देत नाहीत.

ती म्हणाली, दिवाळी झाली की ते सगळे ऊसतोडीला गुजरातेत जातात, उन्हाळ्यापर्यंत. पोरीला कुठे ठेवणार? "तठे तं दवाखाना बी ठावका नही." हे ती तक्रारीनं बोलत नव्हती. तिनं मुलीला कडेवर घेतलं, मोबाइल कमरेला खोचला आणि गेली. पुढे तिनं काय केलं, मला कळलं नाही.

हिवाळ्यात त्या तेलाच्या जाहिरातीत माझ्याऐवजी दुसरी एक बाई आली. माझा चेहरा जुना झाला असावा. सगळ्यात आधी ते मायच्या ध्यानात आलं. ती डबा घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"तुन्हा फोटो काढी टाका व त्यासनी."

"बरं झालं."

तिनं डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. मी जेवत असताना ती स्टुलावर बसून होती. मग म्हणाली, "मी रोज दुपारले देखू तो. त्यामा तू बारीक व्हतीस तशी दखाये." ती नववीच्या आधीचं, मी लहान असतानाचं बोलत होती. तो फोटो खोटा आहे हे तिला माझ्यापेक्षाही जास्त माहीत होतं. फोडावर फडकं तिनंच धरलं होतं.

भाकरी संपल्यावर तिनं डबा बांधला, पण उठली नाही. कॉम्प्युटरवर एका नवरीचा चेहरा उघडा होता, अर्ध्या कपाळावरची मुरुमं गेलेली, अर्ध्यावरची बाकी.

"तू तं रोज लोकसना करस," ती म्हणाली. "मन्हासाठी तुन्हा एक करी दे ना."

मी म्हटलं, आज लग्नाचं काम आहे, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही, पण डबा खाऊन होईपर्यंत बसून राहिली. तिसऱ्या दिवशीही बसली. मी नवऱ्या करत राहिले. त्यानंतर ती डबा दारातच ठेवून जायला लागली.